तास रद्द झाल्याची सूचना

शिक्षक आजारी पडले की तास रद्द होतो. त्या सूचनेतून विद्यार्थ्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात: कोणता तास होणार नाही, त्या वेळात काय करायचे आणि राहिलेला भाग कधी शिकवला जाईल. बहुतेक सूचना पहिल्या गोष्टीवरच थांबतात आणि पुढचे दोन दिवस विद्यार्थी एकमेकांना फोन करून विचारत राहतात.

बारावीच्या अर्थशास्त्राच्या वर्गाचे एक कल्पित उदाहरण घेऊ. ‘निर्देशांक’ हे प्रकरण चालू आहे. आठवड्यात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी नऊला तास असतो. लास्पेयरची पद्धत शिकवून झाली आहे. मंगळवारी तिच्या सरावाची गणिते, गुरुवारी पाशेची पद्धत आणि शनिवारी चाचणी असे ठरलेले आहे. सोमवारी शिक्षिकेला ताप येतो आणि डॉक्टर गुरुवारपर्यंत विश्रांती घ्यायला सांगतात.

सूचना लिहिण्यापूर्वी कोणता भाग मुलांना स्वतः जमेल हे ठरवावे लागते. लास्पेयरची रीत वर्गात समजावून झाली आहे, म्हणून तिचा सराव घरी करता येतो. पाशेची पद्धत मात्र नवी आहे. दोन्ही सूत्रे दिसायला सारखी असल्यामुळे ती न शिकवता वाचायला दिली, तर मुलांचा गोंधळ होतो आणि तो निस्तरण्यातच पुढचा तास जातो. म्हणून सराव स्वयंअध्ययनाला द्यायचा आणि पाशेची पद्धत वर्गासाठी राखून ठेवायची. दोन तास बुडाले, तरी जादा तास एकच लागतो. तो घेण्यासाठी वर्गाचा कोणता तास मोकळा आहे आणि खोली मिळेल का, हे वेळापत्रक पाहणाऱ्या शिक्षकांना आधी विचारावे लागते. सूचना अशी होते:

‘विद्यार्थी मित्रांनो, आजारपणामुळे मंगळवार, ९ डिसेंबर आणि गुरुवार, ११ डिसेंबर रोजी माझे अर्थशास्त्राचे तास होणार नाहीत. इतर विषयांचे तास नेहमीप्रमाणे होतील. सोबतचे गणित लास्पेयरच्या पद्धतीने कोष्टकासह वहीत सोडवा. उत्तर १२६ येते. वेगळे आले तर खोडू नका, तसेच ठेवा. शनिवारी, १३ तारखेला वही आणा. त्या दिवशी पाशेची पद्धत शिकवली जाईल. शनिवारची चाचणी सोमवारी, १५ तारखेला सव्वाअकरा वाजता, ग्रंथालयाच्या तासाला होईल.’

गणित असे: आधार वर्षात तांदूळ ४० रुपये किलो, खरेदी १० किलो, तेल १०० रुपये किलो, खरेदी १ किलो. चालू वर्षात तांदूळ ५० रुपये, खरेदी ८ किलो. तेल १३० रुपये, खरेदी २ किलो. लास्पेयरच्या पद्धतीत दोन्ही वर्षांच्या किमतींना आधार वर्षाच्याच नगसंख्येने गुणायचे असते. जुन्या किमतींनी खर्च ५०० रुपये होतो, नव्या किमतींनी ६३०. ६३० ला ५०० ने भागून १०० ने गुणले की १२६ येतात. एखाद्याने चालू वर्षाची नगसंख्या घेतली, तर ६६० भागिले ५२० होऊन उत्तर १२६.९२ येते. उत्तर आधीच दिल्यामुळे मुलाला चूक झाल्याचे घरीच कळते. न खोडलेल्या वहीवरून ती कुठे झाली हे शिक्षिकेला दिसते. शिवाय ज्याने नकळत १२६.९२ काढले, त्याने पाशेचे गणितच केलेले असते. शनिवारचा तास तिथूनच सुरू करता येतो.

सूचना केव्हा पोचते यालाही महत्त्व आहे. तालुक्याच्या कॉलेजात अनेक मुले सकाळच्या पहिल्या एसटीने येतात. नऊच्या तासाची सूचना साडेआठला आली, तर ती वाटेत असतात. म्हणून शक्य असेल तेव्हा आदल्या संध्याकाळीच ती वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावी. सगळ्यांकडे फोन असतोच असे नाही, म्हणून तीच सूचना वर्गाच्या फळ्यावर लिहायला सांगावी आणि कार्यालयाच्या सूचनावहीतही नोंदवावी.

आजाराचा तपशील सूचनेत देण्याची गरज नसते. ‘आजारपणामुळे’ एवढे पुरते. संसर्गजन्य आजार याला अपवाद आहे. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच होऊ शकतो, म्हणजे शिक्षिका वर्गात शिकवत होत्या तेव्हाही. अशा वेळी प्राचार्यांना लगेच कळवावे लागते. पालकांना काय सांगायचे ते पुढे कॉलेज ठरवते.

ताप लांबला तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दुसरी सूचना जायला हवी. तिच्यात बदललेल्या तारखांसोबत ‘आधीचे वेळापत्रक रद्द’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर काही मुले जुन्या सूचनेनुसार चाचणीला येऊन बसतात. शिक्षिका आणखी आठवडाभर येऊ शकणार नसतील, तर स्वयंअध्ययन पुरे पडत नाही. पाशेची पद्धत शिकवण्यासाठी विभागातील दुसऱ्या शिक्षकांना तास द्यावा लागतो.