लंब तीच खरी उंची

आठवीच्या गणितात आकृत्यांची सूत्रे एकदम अंगावर येतात. आयत आणि चौरस आधीचे ओळखीचे असतात. आता समांतरभुज, समभुज आणि समलंब चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळही येतात. मुले सूत्रे पाठ करतात, पण चाचणीच्या दिवशी एका आकृतीचे सूत्र दुसरीला लावतात, कुठे निम्मे करायचे राहते, कुठे परिघाच्या जागी क्षेत्रफळ येते. अशा वेळी यमक जुळवलेल्या चार ओळी कामाला येतात. मात्र त्या ओळींत काय घालायचे, याचा विचार आधी व्हायला हवा.

सूत्रातला गुणाकार सहसा कोणी विसरत नाही. कशाला कशाने गुणायचे, हे विसरते. म्हणून गुणाकाराबरोबर त्याची अटही ओळीत यायला हवी, आणि जो शब्द हमखास निसटतो त्याला शक्यतो यमकाची जागा द्यावी, कारण कानात सर्वांत घट्ट बसते ते यमक. इथे मी अष्टाक्षरी वापरली आहे. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे आणि दुसऱ्या-चौथ्या ओळीला यमक, अशी तिची साधी ठेवण आहे. मुलांना टाळ्यांवर ती सहज म्हणता येते.

समांतरभुज चौकोनापासून सुरुवात करू.

समांतरभुज आला,
उंची पायाने गुणावी;
लंब तीच खरी उंची,
तिरकी भुजा न घ्यावी.

पाया ८ सेंमी, तिरकी बाजू ५ सेंमी आणि उंची ४ सेंमी असेल तर क्षेत्रफळ ३२ चौसेंमी. अट विसरलेले मूल ८ ला ५ ने गुणून ४० लिहिते. ही चूक का होते, ते कागद कापला की दिसते. चौकोनाच्या एका टोकाचा काटकोनी त्रिकोण कापून दुसऱ्या टोकाला लावला की ८ बाय ४ चा आयत तयार होतो. त्यात ५ ची बाजू कुठेच मोजावी लागत नाही. परिमिती काढताना मात्र तीच तिरकी बाजू लागते : ८ आणि ५ ची बेरीज १३, तिची दुप्पट २६ सेंमी. एका प्रश्नात टाळायची बाजू दुसऱ्या प्रश्नात घ्यायची असते, म्हणून गोंधळ उडतो. शेवटची ओळ फक्त क्षेत्रफळासाठी आहे, हे मुलांना तिथेच सांगावे.

त्रिकोण याच आकृतीतून निघतो, म्हणून त्याच्या ओळीही हिला जोडून म्हणाव्यात.

कर्ण त्याचा ओढताच
जुळे त्रिकोण राहती;
पाया उंची गुणूनिया
निम्मे एकेकाच्या हाती.

वरच्या चौकोनाचा कर्ण ओढला की ३२ चे दोन सारखे वाटे होतात आणि प्रत्येक त्रिकोणाला १६ चौसेंमी मिळतात. इथे निम्मे करण्याचे कारण ओळीतच आले आहे. कारण लक्षात राहिले की दोनने भागायचे राहून जात नाही.

सर्वाधिक गुण समलंब चौकोनात जातात, कारण तिथे क्रमाला महत्त्व आहे.

समलंब चौकोनात
बाजू दोन समांतर;
बेरजेचे निम्मे आधी,
उंचीने गुणा नंतर.

समांतर बाजू १० आणि ६ सेंमी, उंची ४ सेंमी. बेरीज १६, तिचे निम्मे ८, आणि ८ ला ४ ने गुणले की ३२ चौसेंमी. घाईत मूल एकट्या १० चे निम्मे करते, ५ आणि ६ मिळवून ११ काढते आणि उत्तर ४४ लिहिते. हे चूक आहे, हे सूत्राकडे पुन्हा न वळताही कळते. १० बाय ४ च्या आयताचे क्षेत्रफळ ४० आणि ६ बाय ४ च्या आयताचे २४. समलंब चौकोनाचे उत्तर या दोहोंच्या मध्येच असले पाहिजे. ४४ तिथे बसत नाही.

वर्तुळात दोन सूत्रांची अदलाबदल होते, म्हणून ती एकाच कडव्यात शेजारी ठेवावीत. पाय म्हणजे ग्रीक अक्षराने दाखवतो ती संख्या, शालेय गणितात बहुधा २२/७.

पायने गुणावा व्यास,
परिघाची लांबी आली;
त्रिज्या त्रिज्येने गुणून
पायपट जागा झाली.

त्रिज्या ७ सेंमी असेल तर व्यास १४ आणि परीघ ४४ सेंमी. त्रिज्येचा वर्ग ४९, त्याची पायपट १५४ चौसेंमी. त्रिज्येऐवजी व्यासाचा वर्ग घेतला तर ६१६ येतात, म्हणजे चौपट. इथेही पडताळा सोपा आहे. हे वर्तुळ १४ सेंमी बाजूच्या चौरसात बसते आणि त्या चौरसाचेच क्षेत्रफळ १९६ आहे. आतल्या वर्तुळाचे त्याहून जास्त कसे असेल?

समभुज चौकोनाच्या ओळी मुद्दाम शेवटी ठेवल्या.

समभुजाच्या या बाजू
परिमिती सांगतात;
क्षेत्रफळ मात्र निम्मे
कर्णांच्या गुणाकारात.

प्रत्येकी ५ सेंमीच्या चार काड्या टोकांना सैल जोडून चौरस करा. परिमिती २० सेंमी, क्षेत्रफळ २५ चौसेंमी. आता तो जरा दाबा, एक कर्ण ८ आणि दुसरा ६ सेंमी होईल इतका. ८ गुणिले ६ म्हणजे ४८, त्याचे निम्मे २४. आणखी दाबून लहान कर्ण २ सेंमी केला, तर मोठा सुमारे ९.८ होतो आणि क्षेत्रफळही सुमारे ९.८ चौसेंमीवर येते. काड्या त्याच, परिमिती तीच २० सेंमी. परिमिती आणि क्षेत्रफळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे मुलाच्या हातातच घडते.

गणित पद्यात सांगण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची आणि पद्यातली. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. याच ग्रंथात भास्कराचार्यांनी वरच्या काड्यांचीच गोष्ट कडक शब्दांत बजावली आहे. फक्त चार बाजू देऊन चौकोनाचे नेमके क्षेत्रफळ विचारणारा चुकतो आणि ते सांगणाराही चुकतो, कारण त्याच बाजूंनी वेगवेगळ्या क्षेत्रफळांचे चौकोन होतात. कर्ण किंवा लंब यांपैकी काहीतरी माहीत हवे. त्रिकोणाला ही अडचण नाही. तीन काड्या जोडल्या की आकार पक्का होतो, म्हणून हेरॉनच्या सूत्राने तीन बाजूंवरून त्याचे क्षेत्रफळ काढता येते.

ओळींची मर्यादाही इथेच आहे. समोरची आकृती कोणती, हे ओळी सांगत नाहीत. म्हणून आधी कागद कापावा, काड्या दाबून पाहाव्यात आणि मगच ओळी पाठ कराव्यात. म्हणताना ‘उंची’ आली की बोट लंबावर जावे, ‘समांतर’ आले की त्या दोन बाजूंवर. बोट चुकले तर पाठांतर पक्के असूनही समज कच्ची आहे, असे ओळखावे. आणि कधीतरी बाजू ५, ६, ७ आणि ८ सेंमी एवढेच देऊन चौकोनाचे क्षेत्रफळ विचारावे. ‘एवढ्यावरून सांगता येणार नाही, एक कर्ण द्या’ असे उत्तर आले, तर त्या मुलाला सूत्रे समजली आहेत.