लालपरीची घरघर गायब, खिडकीचा खडखडाट मात्र कायम!

भोकरहून रोज नांदेडला कॉलेजला किंवा ड्युटीला जाणाऱ्यांच्या कानात आता हमखास इअरबड्स दिसतात. एसटीत बसलं की नॉइज कॅन्सलेशन सुरू, आवाज फुल्ल आणि डोळे मिटून प्रवास. तरीही अनेकांची तक्रार असते की गाडीचा आवाज पूर्ण जात नाही. तो पूर्ण जाणारच नाही, आणि त्यामागचं गणित मोठं मजेदार आहे.

इंजिनचा सूर ओळखा

लालपरीचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतंय असं धरा. या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे एका फेरीत तीन स्फोट होतात. सेकंदाला फेरे २५, म्हणून स्फोट ७५. म्हणजेच ७५ हर्ट्झचा खर्जातला सूर. गाडी स्टँडवर सुरू ठेवून उभी असते तेव्हा फेरे ६०० च्या आसपास उतरतात आणि सूर ३० हर्ट्झपर्यंत खाली जातो.

बड्सच्या बाहेरचा छोटा माइक हा सूर ऐकतो, आतली चिप त्याची नेमकी उलटी लाट तयार करते आणि दोन्ही लाटा कानात एकमेकींना खोडून काढतात. या कामात किंचित उशीर होतोच. समजा, तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका आहे. ७५ हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायला साधारण १३ मिलिसेकंद लागतात, तेव्हा एवढ्या उशिरात तिचा शंभरावा भागही सरकत नाही आणि खोडणं छान जमतं. पण सैल काचेच्या ५००० हर्ट्झच्या किणकिणाटाची अख्खी लाट ०.२ मिलिसेकंदात संपते. तिथे तेवढाच उशीर अर्धी लाट खाऊन टाकतो. उलटी पाठवलेली लाट सुलटी होऊन पोचते आणि आवाज कमी होण्याऐवजी वाढेल! म्हणून चिप वरच्या सुरांच्या वाटेला जातच नाही.

थोडक्यात, घरघर चिप खाते; काच, पत्रा, हॉर्न आणि मागच्या सीटवरच्या गप्पा अडवायचं काम रबरी टोपीचं.

कल्पना १९३० च्या दशकातली

उलट्या लाटेने आवाज मारायचं पेटंट जर्मन शास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांना अमेरिकेत १९३६ मध्ये मिळालं. तेव्हा तेवढं चपळ इलेक्ट्रॉनिक्सच नव्हतं. पुढे १९७८ मध्ये झुरिचहून अमेरिकेला परतताना विमानाच्या घरघरीत गाणं नीट ऐकू येईना, म्हणून अमर बोस यांनी विमानातच आकडेमोड सुरू केली. बोस यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. विमान काय, एसटी काय, शत्रू तोच: एकसुरी, खालचा, न थांबणारा आवाज.

डोकं काचेला टेकवू नका

डुलकी लागली की डोकं आपसूक खिडकीला टेकतं आणि घरघर परत येते. काचेची थरथर कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात पोचते. हवेतून येणारा आवाज ऐकणाऱ्या माइकला तिचा पत्ताच लागत नाही, त्यामुळे ती खोडणारं कुणी नसतं. डोकं जरा बाजूला घ्या, फरक लगेच कळेल.

उघड्या खिडकीचा वारा हाही तसाच वैरी. तो माइकच्या छिद्रावर आपटून भोवरे करतो आणि चिपला तो मोठा आवाज वाटतो. कानात फडफड ऐकू आली तर अ‍ॅपमध्ये वाऱ्याचा आवाज कमी करायची सोय आहे का पाहा. नसेल तर कॅन्सलेशनची पातळी एक पायरी उतरवा. त्याहून सोपं म्हणजे आतल्या बाजूची सीट धरा. इंजिन पुढे असलेल्या गाडीत मधल्या रांगा बऱ्या, कारण मागच्या चाकांवर आदळआपट जास्त.

आधी टोपी, मग सेटिंग

बड्सबरोबर सहसा तीन मापांच्या रबरी टोप्या येतात आणि बहुतेक जण दोन मापं डबीतच ठेवून देतात. टोपी सैल असेल तर गाण्यातला खर्ज बाहेर गळतो, घरघर आत शिरते आणि चिप कितीही राबली तरी कमी पडते. ओळखायची खूण अशी: गाणं चालू ठेवून बड हलकेच आत दाबा. ढोलकीचा ठेका एकदम भरदार झाला, तर तुमची टोपी लहान आहे. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागणं अगदी नेहमीचं आहे.

कॅन्सलेशन सुरू करताच कान दडपल्यासारखे वाटतात, पण कानातला दाब खरं तर बदललेला नसतो. खालचे सूर अचानक नाहीसे झाले की मेंदूला तसं भासतं. त्रास होत असेल तर पातळी मध्यम ठेवा.

बेस वाढवू नका, कमी करा!

इक्वलायझरमध्ये बहुतेकांची सर्वात मोठी गडबड इथेच होते. गाडीत ठेका हरवतो, म्हणून बेसची पट्टी वर जाते. पण खालचा जोरकस आवाज वरच्या सुरांना झाकून टाकतो. स्पर्धा परीक्षेचं लेक्चर ऐकणाऱ्याला मग ‘सात’ की ‘साठ’ हेच कळत नाही, कारण त, ठ, स, श यांची ओळख २००० हर्ट्झच्या वर दडलेली असते.

बोलणं ऐकायचं असेल तर ६२ आणि १२५ च्या पट्ट्या ३–४ डेसिबल खाली आणा आणि २ ते ४ किलोहर्ट्झ २–३ डेसिबल वर न्या. बाकी सगळं शून्यावर. गाण्यांसाठी मात्र वेगळा न्याय. घरघर गेली की आपण आवाज कमी ठेवतो, आणि कमी आवाजात कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. तेव्हा ६२ ची पट्टी २ डेसिबल वर चालेल. मोठ्या ठेक्याला आवाज चिरला, तर पट्टी जास्त वर गेली असं समजा. आणि फोनचा व बड्सच्या अ‍ॅपचा असे दोन इक्वलायझर एकावर एक लावू नका. एक बंदच ठेवा.

आवाज कमी ठेवण्याचा खरा फायदा कानाचा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलवर फक्त ५ तास. रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचे तेवढे तास दोन-तीन दिवसांतच भरतात.

स्टँड आलं, कान उघडा

ट्रान्स्परन्सी मोडमध्ये तोच माइक बाहेरचा आवाज आत सोडतो. कंडक्टरकडे तिकीट मागताना, फलाटाची घोषणा ऐकताना आणि उतरून रस्ता ओलांडताना तो लावा. गाणं मात्र थांबवा, नाहीतर मागून येणारी गाडी त्याखाली दबून जाते. चालत्या दुचाकीवर हा मोडही कामाचा नाही, माइक नुसता वाराच मोठा करून ऐकवतो. तिथे बड्स खिशातच हवेत.

डब्यावरचं एक अक्षर

स्वस्त बड्सच्या डब्यावर ‘ENC’ असं ठळक लिहिलेलं असतं. ते तुमच्या कानासाठी नाही! फोनवर बोलताना समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू यावा, यासाठी ते असतं. एसटीतली घरघर घालवायला ‘ANC’ हवं. दुकानात चालू कूलरजवळ उभे राहा, गाणं न लावता बड्स कानात घाला आणि कॅन्सलेशन चालू-बंद करून पाहा. कूलरची घुमघुम खाली गेली नाही, तर दुसरा डबा मागा.