भांडणानंतरचा पहिला मेसेज

दोन मैत्रिणी आहेत असं समजा. एकीचं लग्न ठरलंय. दुसरीला रात्री स्टेटसवर तिच्या केळवणाचे फोटो दिसतात, त्यात ओळखीचे चार चेहरे असतात आणि आपण नसतो. ती लगेच फोन लावते. "आता काय बाई, तुझी ऊठबस मोठ्या लोकांत!" पलीकडून फोन कट होतो. खरं तर ते केळवण ऑफिसातल्या मंडळींनी त्याच दुपारी ठरवलेलं होतं आणि नवरीलाही ते संध्याकाळीच कळलं होतं. पण हे विचारायचं राहून गेलं.

सकाळी हिच्या मोबाइलवर जो मजकूर तयार होतो तो साधारण असा असतो: "काल तू फोन कापलास ते मला अजिबात आवडलं नाही. मला वाटतं तू मला मुद्दाम टाळलंस. तरीही मोठ्या मनाने मी बोलायला तयार आहे."

लिहिणारीला हा समेटाचा मेसेज वाटतो. वाचणारीला त्यात तीन आरोप दिसतात. पहिल्या वाक्यात भांडण फोन कापण्यापासून सुरू होतं, त्याआधीचा टोमणा गायब आहे. शेवटच्या वाक्यातल्या मोठ्या मनामुळे समोरचीचं मन आपोआप छोटं ठरतं. आणि मधलं वाक्य सगळ्यात फसवं, कारण "मला वाटतं"ने सुरुवात झाली की आपण भावना सांगतोय असा लिहिणाऱ्याचा समज होतो. अहिंसक संवादाची पद्धत मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग नेमकं इथेच बोट ठेवत. वाईट वाटलं, एकटं वाटलं, ही भावना. तू मला टाळलंस, हा दुसऱ्याच्या हेतूबद्दल आपण काढलेला निष्कर्ष. फोटो डोळ्यांनी दिसले होते, "मुद्दाम" मात्र कुठल्याच फोटोत नव्हतं.

म्हणून गैरसमजाचं नाव घ्यायचं ते आपल्या बाजूने: काय दिसलं, त्यावरून मी काय समजले, आणि काय विचारायचं राहिलं. "तुझा गैरसमज झालाय" हे वाक्य आपल्याकडे फार चालतं, पण त्यात सगळा दोष ऐकणाऱ्याच्या पदरात पडतो. गैरसमज खरोखर तिचाच असेल तरी "मला असं म्हणायचं होतं, पण माझ्या बोलण्यातून ते तसं पोचलं नसावं" असं लिहिता येतं.

तोच मेसेज आता असा होईल:

"अगं, स्टेटसवर केळवणाचे फोटो बघितले आणि मला वगळलं असं समजून मी तुला टोचून बोलले. ते कुणी, कधी ठरवलं हे विचारलंच नाही. मला वाईट वाटलं, कारण तुझ्या लग्नाच्या धावपळीत मी जवळ असावं असं मला फार वाटतं. तुझ्या बाजूने काय झालं ते ऐकायचंय. शनिवारी संध्याकाळी भेटूया का? नाहीतर तुला जमेल तेव्हा. लगेच उत्तर नाही दिलंस तरी चालेल."

यात "पण" एकदाही आलेला नाही. "सॉरी, पण तूही..." असं लिहिलं की आधीची सॉरी पुसली जाते. फोन कापल्याचा उल्लेखही नाही. तो विषय निघायचा तर समोरासमोर निघेल. मेसेजचं काम भेट ठरवण्यापुरतंच ठेवावं, कारण लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी सहकाऱ्यांसह 2005 साली ईमेलवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आपला उपरोध वाचणाऱ्याला कळेलच अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचे अंदाज छापा-काट्यापेक्षा फारसे बरे निघाले नाहीत. मग भांडून फुगून बसलेल्या माणसाला आपली गंमत किंवा हसरा इमोजी कसा दिसेल, ते सांगायला नको.

वेळही बघावी. अंगातला राग उतरायला निदान वीसेक मिनिटं लागतात, असं दांपत्यांच्या भांडणांचे अभ्यासक जॉन गॉटमन सांगतात. माझ्या मते मात्र रात्री लिहिलेलं सकाळी वाचूनच पाठवावं. आणि मित्रमंडळींच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. तिथे समेटालाही प्रेक्षक मिळतात, आणि प्रेक्षक आले की माघार घेणं अवघड होतं.

पाठवल्यावर निळ्या टिका दिसतात आणि उत्तर येत नाही. इथे बरेच जण घाई करून घालवतात: तासाभरात प्रश्नचिन्ह, मग "ठीक आहे, समजलं मला". लगेच उत्तर नको असं आपणच लिहिलंय, तेव्हा दोन-चार दिवस थांबावं. नुसतं "बघू" आलं तर त्याला नकार समजू नये.

भेटीत कदाचित असंही कळेल की तिने खरंच बोलावायचं टाळलं होतं, मागच्या कुठल्या तरी गोष्टीच्या रागातून. मग तो गैरसमज नव्हताच, आणि केळवणाचा विषय बाजूला ठेवून त्या मागच्या गोष्टीबद्दल बोलावं लागेल.