बाल्कनीखालचे पोपडे आणि नुसतं प्लास्टर

मुंबईतल्या जुन्या इमारतींत बाल्कनीखाली तांबूस डाग दिसले की गिलावा मारून रंग लावतात. पण आजार सळईत असतो. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरून ते संरक्षण संपवतो. समुद्राकाठी क्षारही तेच करतात. मग ओल लागताच गंज चढतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडा: गुलाबी झालं नाही, तर तिथली अल्कता गेलेली आहे.

‘गळती थांबवली की पुरे’ म्हणतात. ती आधी थांबवायलाच हवी, पण चढलेला गंज त्याने उतरत नाही. म्हणून आधी टेकू द्या, ठोकून पोकळ भाग शोधा, सळईमागे साधारण 20 मिमी जागा होईपर्यंत काँक्रीट काढा. सळई चकाकेपर्यंत घासा; फार झिजली असेल तर इंजिनिअरच्या सल्ल्याने जोड सळई टाका. मग गंजरोधक लेप, बाँडिंग कोट, थरांनी पॉलिमर मॉर्टर आणि क्युअरिंग. सळईमागचं काँक्रीट न काढता भरणाऱ्या कंत्राटदाराचं बिल मंजूर करू नका.