अभयारण्यातील वनस्पती-पाहणी : वनक्षेत्रपालांना लिहावयाचे पत्र

महाविद्यालयाच्या वनस्पती-पाहणीसाठी अभयारण्यात जावयाचे असेल, तर पत्र वनक्षेत्रपालांकडे जाते. परवाना मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अधिकारात असतो. वनक्षेत्रपाल आपल्या अभिप्रायासह पत्र वरिष्ठांकडे पाठवितात. म्हणून ज्या मजकुरावर त्यांना अभिप्राय लिहिता येईल, असा मजकूर पत्रात असावयास हवा.

‘विद्यार्थ्यांना वनस्पतींचा अभ्यास करावयाचा आहे’ एवढ्याच वाक्यावरून कोणता भाग, किती माणसे आणि जंगलाला कोणता उपद्रव होईल, हे कळत नाही. भीमाशंकर अभयारण्याचे उदाहरण घेऊ. समजा, बारा विद्यार्थी व दोन अध्यापक नोव्हेंबरमध्ये दोन दिवस पाहणी करणार आहेत. पत्राचा मुख्य भाग असा असावा :

“चार विद्यार्थ्यांचा एक, असे तीन गट राहतील. प्रत्येक गट रोज १० मीटर लांब-रुंद असे दोन चौकोन दोरीने आखून त्यांतील वृक्षांची नोंद करील. दोन दिवसांत एकूण बारा चौकोन होतील. जागा सोबतच्या नकाशावर कक्ष क्रमांकासह दाखविल्या आहेत. काम सकाळी आठ ते सायंकाळी चार या वेळेतच होईल. वनस्पतीचा कोणताही भाग तोडला अथवा नेला जाणार नाही. ओळख छायाचित्रांवरून पटविली जाईल. अहवालाची प्रत आपल्या कार्यालयास सादर करू.”

असा एक चौकोन साधारण एका गुंठ्याएवढा असतो. म्हणजे पाहणी सुमारे बारा गुंठ्यांपुरतीच आहे, हे वाचणाऱ्यास तत्काळ उमगते.

पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य नमुने न घेण्याचे आहे. कलम २९ नुसार अभयारण्यातून वनोपज नेण्यास बंदी असून, वन्यजीवांच्या संवर्धनासाठी व चांगल्या व्यवस्थापनासाठी ते आवश्यक असल्याची शासनाची खात्री पटल्याविना त्यासाठी परवाना मिळत नाही. जंगलातील पाने, फुले व फळे वनोपजातच मोडतात. त्यामुळे ‘गरजेनुसार नमुने गोळा करू’ असे सहज लिहिलेले वाक्य साध्या पाहणीचा अर्जही अडकवून ठेवते.

याची एक मर्यादा आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा हे वृक्ष पाने, साल व फांद्यांची ठेवण पाहून बहुधा ओळखता येतात. गवते मात्र फुलोऱ्याविना आणि सूक्ष्म तपासणीविना पुष्कळदा निश्चित होत नाहीत. अशा वेळी पानाच्या दोन्ही बाजू, खोड व फुलोरा यांची मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत आणि तरीही शंका उरल्यास तक्त्यात ‘ओळख अनिश्चित’ असे लिहावे. अंदाजाने लिहिलेले नाव पुढील पाहणीत वनस्पतींच्या यादीला दिशाभूल करणारे ठरते.

परवाना हाती आल्यावर त्याची प्रत प्रत्येक गटाजवळ असावी आणि तारीख बदलल्यास नव्याने कळवावे. कारण परवाना त्यात नमूद केलेल्या मुदतीपुरताच व अटींपुरताच असतो.