कस कुणाचा: पृष्ठाचा की पोटाचा?

समजा, वीस ग्रॅमची एक बांगडी आहे. तिच्यावर २२ कॅरटचा, म्हणजे हजारात ९१६ भाग सोन्याचा दावा आहे. सराफ हातातलं क्ष-किरण यंत्र तिला टेकवतो आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर ९२१ आकडा उमटतो. तीच बांगडी भट्टीच्या परीक्षेत ९१० ठरते. आता खोटं कोण? आपण म्हणू, कुणीच नाही. दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत.

क्ष-किरण पडले की प्रत्येक धातू आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतो. ते मोजून यंत्र प्रमाण सांगतं. पण सोनं इतकं दाट, की यंत्राला दिसतो तो वरचा साधारण दहा मायक्रॉनचा थर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. दागिना घडवताना तो तापवतात, मग आम्लात उजळतात. त्यात पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि कातडी आतल्या धातूपेक्षा श्रीमंत होते. यंत्राने ती कातडी बरोबरच मोजली. मुलामा असेल तर हा फरक आणखी मोठा. म्हणून एका कडेला कानशीने खाच पाडून तिथे पुन्हा मोजावं. आकडा खाली आला, तर ओळखावं.

भट्टीत मात्र आपण धातूच खर्च करतो. साधारण २५० मिलिग्रॅम तुकडा काटेकोर तोलायचा, त्यात सोन्याच्या अडीचपट चांदी घालायची, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र मुशीत सुमारे हजार अंशांवर ठेवायचा. शिसं तांब्याला घेऊन मुशीत मुरतं. उरतो सोन्या-चांदीचा मणी. तो लाटून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळते. चांदी आधी वाढवली ती याचसाठी: ती कमी असती तर सोन्याने तिला झाकून ठेवलं असतं. उरलेलं सोनं तोलायचं. आपल्या उदाहरणात ते भरलं २२७.५ मिलिग्रॅम. २२७.५ भागिले २५०, म्हणजे ९१०.

यातही थोडं सोनं मुशीत मुरतं, म्हणून शुद्ध सोन्याचा तुकडा सोबत चालवून ती घट दुरुस्त करतात. अशी काळजी घेतली तर चूक हजारात अर्ध्या भागाच्या आत राहते. हातातल्या यंत्राची, पृष्ठभाग प्रामाणिक असला तरी, दोन ते पाच भागांची. मात्र भट्टीलाही मर्यादा आहे: तुकडा नेमका झाळाच्या जागचा निघाला, तर उत्तर त्या तुकड्याचंच, बांगडीचं नव्हे.

मग कुठे काय वापरायचं? जुनं सोनं बदलताना किंवा तारण घेताना दागिना मोडायचा नसतो; तिथे यंत्र योग्य. हॉलमार्क केंद्रातही आधी यंत्राने चाळणी होते, अंतिम निकाल भट्टीचा. आपल्या बांगडीत सहा भागांची तूट म्हणजे वीस ग्रॅमला ०.१२ ग्रॅम सोनं कमी. हे लहान वाटेल. पण याच मिश्रधातूच्या शंभर बांगड्या असतील, तर ती बारा ग्रॅमची बाब होते, आणि तिथे कातडीच्या साक्षीवर भागत नाही.