दुरावा दाखवणारे पत्ते

टॅरोच्या मांडणीत जोडीदाराचा दुरावा दाखवणारे पत्ते निघाले, की प्रश्न घेऊन आलेली स्त्री घाबरून विचारते: म्हणजे हे नातं संपणार? कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तेव्हा पाकळी कुठल्या बाजूला पडली यावरून होकार-नकार ठरतो. टॅरोचे पत्ते असा कौल देत नाहीत. ते एक प्रसंग दाखवतात आणि त्याचा अर्थ लावावा लागतो.

समजा, तीन पत्ते काढले. पहिला जोडीदाराच्या मनाचा, दुसरा नात्याच्या आजच्या स्थितीचा, तिसरा पुढच्या वाटेचा. निघाले हर्मिट, फोर ऑफ कप्स आणि एट ऑफ कप्स. पामेला कोलमन स्मिथ यांनी आर्थर वेट यांच्यासाठी चितारलेल्या, १९०९ सालच्या प्रसिद्ध संचात हर्मिट हा हातात कंदील घेऊन शिखरावर उभा असलेला एकटा म्हातारा आहे. त्याला एकांत हवा आहे, एवढंच त्यातून कळतं. कुणावर राग असल्याचं नाही. फोर ऑफ कप्समध्ये एक तरुण झाडाखाली हाताची घडी घालून बसला आहे. ढगातून आलेला हात त्याच्यापुढे पेला धरतो आणि त्याचं तिकडे लक्षच नाही.

तिसरा पत्ता खरा अवघड. लाल वस्त्रातली व्यक्ती आठ पेल्यांकडे पाठ करून डोंगराच्या दिशेने निघाली आहे. तो निघून जाण्याचाच पत्ता आहे आणि ते गोड बोलून झाकणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण चित्र नीट पाहिलं तर पेले सांडलेले नाहीत, नीट रचलेले आहेत. वरच्या रांगेत मात्र एका पेल्याएवढी जागा रिकामी आहे. काहीतरी कमी पडतं आहे म्हणून पाऊल उचललं गेलं, असा अर्थ त्यातून निघतो. चालणारी व्यक्ती कोण, हे चित्र सांगत नाही. वाट पाहून थकलेली, प्रश्न विचारणारी स्त्रीही ती असू शकते, आणि भीतीच्या भरात नेमकी हीच शक्यता तिच्या ध्यानात येत नाही.

मनाजोगतं उत्तर मिळेपर्यंत पत्ते पुन्हा पुन्हा पिसणं, ही यातली नेहमीची चूक. संचात ७८ पत्ते असतात. वरच्या तिघांत फाइव्ह ऑफ कप्स आणि फोर ऑफ सोर्ड्स मिळवून दुराव्याचे पाचच पत्ते धरले, तरी तीन पत्त्यांत त्यांपैकी निदान एक येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते. म्हणजे सुखाने नांदणाऱ्या जोडप्यालाही सरासरी सहा-एक वेळा पत्ते काढल्यावर एखादा दुरावा भेटतो. जोडीदार गप्प का आहे, याची माहिती पत्त्यांकडे नसते. ती त्याच्याकडेच असते. म्हणून अनुभवी टॅरो वाचणारे प्रश्नच बदलायला सांगतात: ‘संपेल का?’ याऐवजी ‘त्याला हवा असलेला एकांत किती दिवस चालवून घेता येईल, आणि हे त्याला कधी सांगायचं?’